बुद्धिबळाची तासिका मागताना ती कोठून येणार, हे आधी लिहा

प्रश्न: माझी मुलगी कोल्हापुरातील एका अनुदानित शाळेत पाचवीत आहे, जूनमध्ये सहावीत जाईल. वेळापत्रकात आठवड्याला एक बुद्धिबळाची तासिका असावी, असे दोन पानी पत्र मी गेल्या ऑगस्टमध्ये मुख्याध्यापकांना दिले होते. बुद्धिबळाचे फायदे सविस्तर लिहिले होते. "कल्पना चांगली आहे, बघू," एवढेच उत्तर मिळाले. या वेळी पत्र कसे लिहावे?

उत्तर:

मी कोल्हापुरातच एका माध्यमिक शाळेत पर्यवेक्षक होतो आणि सोळा वर्षे शाळेचे वेळापत्रक माझ्या टेबलावर तयार होत असे. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या मागच्या पत्रात मजकुरापेक्षाही महिना चुकला होता. वेळापत्रक मे महिन्याच्या अखेरीस आणि शाळा उघडण्याच्या आसपासच्या दिवसांत, म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बसवले जाते, आणि एकदा बसले की ते विणलेल्या टोपलीसारखे असते. ऑगस्टमध्ये सहावी अ च्या बुधवारच्या पाचव्या तासाला बुद्धिबळ घालायचे, तर तेथील मराठीचा तास गुरुवारी न्यावा लागतो. गुरुवारी त्याच वेळी मराठीच्या बाई नववीवर असतात, म्हणून नववीचा तास हलवावा लागतो, आणि तो हलवला की तेथील विज्ञानाच्या प्रयोगशाळेची वेळ मोडते. एका तासासाठी चार शिक्षकांची नाराजी कोणताही मुख्याध्यापक ऑगस्टमध्ये ओढवून घेत नाही. पत्र एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, निकालाच्या आधी द्यावे.

दुसरी गोष्ट अशी की बुद्धिबळाला शाळेत कोणाचाही विरोध नसतो, त्यामुळे त्याचे फायदे पटवून देण्यात पानभर मजकूर खर्च होतो आणि खरा प्रश्न तसाच राहतो. खरा प्रश्न जागेचा आहे. आमच्या शाळेत सोमवार ते शुक्रवार रोज आठ आणि शनिवारी पाच, अशा आठवड्याला 45 तासिका होत्या आणि प्रत्येक तासिकेला कोणी ना कोणी हक्कदार होता. "एक तासिका वाढवावी" असे पालक लिहितात, तेव्हा मुख्याध्यापकांना ते "एक तासिका कोणाची तरी काढून घ्यावी" असेच वाचावे लागते. ती कोणाची काढायची, तो तास कोण घेणार, मुले कोठे बसणार आणि पट-सोंगट्या कोणाच्या ताब्यात राहणार, या चार गोष्टींची उत्तरे ज्या पत्रात असतात, ते पत्र कपाटात न जाता वेळापत्रक करणाऱ्याकडे जाते.

यातील काही उत्तरे शाळेच्या प्रकारावर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करतो. विनाअनुदानित शाळा संस्थेच्या निर्णयाने वेगळा प्रशिक्षक नेमू शकते. महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापकांना प्राथमिक शिक्षण समितीकडे पाहावे लागते. आपली शाळा अनुदानित आहे, म्हणजे शिक्षकांची पदे शासन पटसंख्येवरून देते त्या संचमान्यतेने ठरतात आणि त्यात बुद्धिबळाचे पद नसते. तेव्हा हा तास आहे त्याच शिक्षकांपैकी कोणीतरी, आहे त्याच कार्यभारात घ्यायचा आहे, असे धरूनच पुढे लिहितो.

आता तासिका कोठून आणायची? गणित, विज्ञान आणि भाषा यांच्याकडे बोट दाखवू नये, कारण त्यांच्या तासांचे वाटप ठरलेले असते. चित्रकला आणि कार्यानुभव यांच्या वाट्याला आधीच थोडे तास आलेले असतात. माझ्या मते कोल्हापुरात सर्वांत सरळ वाट शारीरिक शिक्षणाच्या तासातून जाते, पण वर्षभर नव्हे, फक्त पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे मैदान चिखलाने भरलेले असते. आमच्याकडे सहावीला शारीरिक शिक्षणाचे आठवड्याला तीन तास होते आणि पावसाळ्यात त्यांतील निदान एक तरी वर्गात बसून, कधी सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारत, कधी नुसताच आवाज आवरत निघून जात असे. तो तास बुद्धिबळाला दिला, तर शिक्षक तेच राहतात, खोली तीच राहते, कोणाचा कार्यभार वाढत नाही आणि दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाला तक्रारीला जागा उरत नाही.

मात्र पत्र देण्यापूर्वी क्रीडाशिक्षकांना अवश्य भेटा. आमच्या क्रीडाशिक्षकांची पहिली प्रतिक्रिया "म्हणजे आता माझाही तास खाणार" अशीच होती आणि ती रास्त होती, कारण परीक्षा जवळ आली की सगळ्या शाळेत पहिला बळी मैदानाचाच जातो. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो तास मैदानाला परत मिळेल, हे वेळापत्रकातच लिहून दिले, तेव्हा ते तयार झाले. उरलेले दोन तास पाऊस नसेल त्या दिवशी मैदानावरच होतील, हेही त्यात होते.

येथे आमची एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही "पाऊस असेल त्या दिवशी बुद्धिबळ" असा नियम केला होता. ऐकायला तो शहाणपणाचा वाटला, पण त्यामुळे तास कधी होणार हे कोणालाच ठाऊक नसे, सोंगट्यांच्या पिशव्या कपाटातून वेळेवर निघत नसत आणि ऊन-पावसाच्या दिवशी अर्धा वर्ग खिडकीकडे पाहत "सर, थांबला पाऊस" म्हणून ओरडत असे. दुसऱ्या वर्षी बुधवारचा तास नक्की केला, बाहेर लख्ख ऊन असले तरी बुद्धिबळच, आणि मगच तो तास रुळला. म्हणून पत्रात ठरावीक वार मागा.

तास दिवसातील कितवा असावा, हेही सुचवावे, कारण तासिका 35 मिनिटांची असते आणि त्यात पिशव्या वाटणे, पट मांडणे, शेवटी मोजून परत भरणे यांत दहा मिनिटे सहज जातात. खेळायला 25 मिनिटे उरतात. शेवटचा तास घेऊ नये, कारण घंटा झाली की मुले सोंगट्या दप्तरात कोंबून पळतात. मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास सर्वांत सोयीचा, कारण सुट्टीची शेवटची पाच मिनिटे वर्गातील चार-पाच मुले पट मांडून ठेवू शकतात.

या 25 मिनिटांत नवशिक्या मुलांचा पूर्ण डाव संपत नाही, आणि येथेच बहुतेक शाळांतील उत्साह महिनाभरात मावळतो. दर आठवड्याला अर्धवट मोडलेला डाव मुलांना नको असतो. आम्ही सुरुवातीचे दोन-तीन तास फक्त प्याद्यांचा डाव खेळवला. दोन्हीकडे आठ-आठ प्यादी, बाकी पट मोकळा. ज्याचे प्यादे आधी शेवटच्या घरात पोहोचेल तो जिंकला. असा डाव पाच-सात मिनिटांत संपतो, म्हणून एका तासात तीन वेळा जोडीदार बदलता येतो. मग राजे आले, त्यानंतर हत्ती आले, पुढच्या एका तासाला एकट्या राजावर राजा-वजिराने मात कशी करायची ते झाले, आणि पूर्ण पट आम्ही आठव्या-नवव्या तासाला मांडला. अपुरा राहिलेला डाव सोंगट्यांचे गुण मोजून निकाली काढण्याची पद्धत आहे (प्यादे 1, घोडा आणि उंट 3, हत्ती 5, वजीर 9), पण मला ती फारशी आवडली नाही, कारण घंटा जवळ आली की मुले राजा सोडून मारामारीच्या मागे लागतात. त्यापेक्षा चौकटी छापलेल्या कागदावर स्थिती उतरवून पुढच्या आठवड्यात तेथूनच सुरू करणे बरे.

नियमांचा एक छापील कागद वर्गात लावावा लागतो, हेही अनुभवातूनच कळले. आपल्याकडे अनेक घरांत आजोबांकडून आलेला देशी डाव खेळला जातो. त्यात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर सरकते आणि राजाला एकदा घोड्याची उडी मिळते. किल्लेकोट करणारा मुलगा आणि राजाला घोड्यासारखा उडवणारी मुलगी समोरासमोर आले की दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि तास भांडणात जातो. "शाळेत आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळले जाईल" हे एक वाक्य पत्रात असावे.

जागेचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण आमच्याकडे एक पूर्ण देणगी त्याने वाया घालवली. एका पालकांनी मोठ्या मनाने स्पर्धेच्या मापाचे, साधारण 19 इंचांचे पट आणून दिले आणि आमच्या बाकाची फळी निघाली 14 इंच रुंद. पटाच्या दोन रांगा हवेत लोंबकळत होत्या. आधी शाळेत जाऊन बाक मोजा. फळी आणि आसन वेगवेगळे असतील, तर एक आड एक ओळ उलट फिरवून मुले समोरासमोर बसतात. एकत्र जोडलेले बाक असतील, तर ते सरकवण्याच्या आवाजाने खालचा वर्ग बंद पडतो. अशा वेळी एकाच बाकावरच्या दोघांनी एकमेकांकडे वळून मधे 12 इंचांचा गुंडाळता येणारा पट ठेवावा, किंवा सभागृह मोकळे असेल तर सतरंज्या अंथराव्यात.

किती संच लागतील याचा हिशेब सोपा आहे. तुकडीत 44 मुले असतील, तर 22 संच आणि वर 2 राखीव, असे 24. दोन तुकड्यांचे तास वेगवेगळ्या वेळी असतील, तर तेच 24 दोघांना पुरतात. क्रीडाशिक्षक एकच असल्याने ते तास तसेही एका वेळी येऊ शकत नाहीत. आमच्या पहिल्या 24 संचांपैकी दिवाळीपर्यंत 15 पूर्ण राहिले होते. बाकीच्यांत कोठे घोडा नाही, कोठे दोन प्यादी कमी. पुढे आम्ही प्रत्येक संच नाडीच्या कापडी पिशवीत ठेवला आणि पिशवीवर व बाकावर तोच क्रमांक घातला. जोडीने 32 सोंगट्या मोजूनच पिशवी परत करायची. मग गळती जवळजवळ थांबली. संच पालकांनी दिले, तरी ते शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला नोंदवून द्यावेत, म्हणजे ते कोणा एका पालकाचे राहत नाहीत.

शिकवण्याबाबत बहुतेक पालक "आम्ही प्रशिक्षक देतो" असे लिहितात. हे वाक्य मदतीचे वाटते, पण मुख्याध्यापकांच्या मनात त्याने नव्या शंका येतात: मानधन कोण देणार, बाहेरच्या व्यक्तीची चारित्र्य पडताळणी झाली आहे का, वर्गात शिक्षक थांबणार का, आणि उद्या हीच व्यक्ती मुलांना आपल्या खासगी वर्गाची पत्रके वाटणार का. आपण स्वतः किंवा आपले कोणी नातेवाईक बुद्धिबळाचा वर्ग चालवत असतील, तर ते पत्रात स्वच्छ लिहावे. मागाहून कळले तर सगळा विषयच बंद होतो. सहावीच्या वर्गाला वर्षभर पुरेल एवढे नियम कोणताही शिक्षक दोन-तीन बैठकांत शिकतो. म्हणून प्रशिक्षक आठवड्याला नको, जूनमध्ये शिक्षकांसाठी दोन बैठका घेण्यापुरता पुरे. आपल्या भागात त्याची वाण नाही. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी वाढवलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाची मोठी परंपरा आहे आणि तेथून भाग्यश्री साठे-ठिपसे यांच्यासारख्या खेळाडू पुढे आल्या.

फायद्यांविषयी एकच सूचना. "बुद्धिबळाने गणिताचे गुण वाढतात" हे वाक्य काढून टाका. इंग्लंडमध्ये एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशनने 100 प्राथमिक शाळांमध्ये याचा मोठा प्रयोग करवला होता. त्यात निम्म्या शाळांतील मुलांना शाळेच्या वेळेत 30 तास बुद्धिबळ शिकवले गेले. त्याचा अहवाल 2016 मध्ये आला. वर्षभरानंतर घेतलेल्या गणिताच्या परीक्षेत ती मुले आणि बाकीची मुले यांत फरक आढळला नाही. गणिताच्या एखाद्या वाचणाऱ्या शिक्षकाला हे ठाऊक असेल, तर आपले बाकीचे पत्रही त्यांच्या लेखी हलके होईल. आर्मेनियात 2011 पासून बुद्धिबळ शाळेत सक्तीचे आहे, हे खरे, पण तेथे सरकारने तो विषय लावला आणि त्यासाठी शिक्षकही तयार केले, त्यामुळे आपल्या मुख्याध्यापकांना तो दाखला उपयोगी नाही. त्यापेक्षा साधे आणि तपासता येण्याजोगे कारण द्या: पावसाळ्यात वाया जाणारा एक तास वापरात येईल आणि जिल्ह्याच्या शालेय बुद्धिबळ स्पर्धेला पाठवण्यासाठी शाळेला खेळाडू निवडता येतील.

हे सर्व धरून पत्र एका पानात असे बसते:

"प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शाळेचे नाव), कोल्हापूर.

विषय: पुढील शैक्षणिक वर्षाच्या प्रथम सत्रात इयत्ता सहावीसाठी आठवड्यातून एक बुद्धिबळ तासिका ठेवण्याबाबत विनंती.

महोदय,

माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता पाचवीत शिकत आहे. पुढील वर्षाचे वेळापत्रक तयार होण्यापूर्वी इयत्ता सहावीच्या दोन्ही तुकड्यांसाठी जून ते दिवाळीची सुट्टी या काळापुरती आठवड्यातून एक तासिका बुद्धिबळासाठी ठेवण्याचा विचार व्हावा, ही विनंती.

या काळात पावसामुळे मैदान वापरता येत नाही. म्हणून शारीरिक शिक्षणाच्या तासिकांपैकी एक तासिका, ठरावीक वारी, शक्यतो मधल्या सुट्टीनंतर, या उपक्रमास देता येईल असे वाटते. द्वितीय सत्रापासून ती तासिका मैदानासाठी परत असावी. याबाबत क्रीडाशिक्षकांशी माझे प्राथमिक बोलणे झाले आहे. अंतिम निर्णय अर्थातच आपला आहे.

प्रत्येक तुकडीत सुमारे 44 विद्यार्थी असल्याने 24 संच पुरेसे होतील. बाकांचे माप पाहून 12 इंचांचे पट सुचवीत आहे. सोबत दोन दुकानांची दरपत्रके जोडली आहेत. आम्ही खाली सह्या केलेले पालक हे संच शाळेस भेट देऊ इच्छितो. ते शाळेच्या मालकीचे म्हणून नोंदवावेत. तासिका सर्व विद्यार्थ्यांसाठी असेल आणि त्यासाठी कोणाकडूनही शुल्क घेतले जाऊ नये. खेळ आंतरराष्ट्रीय नियमांनुसार व्हावा. शिक्षकांना आवश्यक वाटल्यास जूनमध्ये दोन परिचय बैठकांची व्यवस्था करता येईल. माझा किंवा माझ्या कुटुंबीयांचा कोणत्याही बुद्धिबळ वर्गाशी व्यावसायिक संबंध नाही.

सत्रात सुट्ट्या, चाचण्या आणि अतिवृष्टी वगळून सुमारे बारा तासिका मिळतील असे गृहीत धरले आहे. दिवाळीपूर्वी उपक्रमाचा आढावा घेऊन तो पुढे ठेवावा किंवा थांबवावा, याचा निर्णय आपण घ्यावा.

आपला/आपली विश्वासू,
(नाव, पाल्याचे नाव व तुकडी, दिनांक, सोबत पालकांच्या सह्या)"

यातील "बारा तासिका" हा आकडा मुद्दाम लिहिला आहे. जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत कागदावर अठरा-एकोणीस आठवडे दिसतात, पण गणपती, घटक चाचण्या, सहामाही परीक्षा आणि पंचगंगेला पाणी आले की मिळणाऱ्या सुट्ट्या वजा केल्या की बाराच उरतात. 2019 च्या महापुराच्या वर्षी तर तेवढेही मिळाले नाहीत. हा हिशेब पत्रात दिसला की लिहिणाऱ्याने शाळेचे वर्ष जवळून पाहिले आहे, हे मुख्याध्यापकांच्या ध्यानात येते.

"शुल्क नको" आणि "सर्व विद्यार्थ्यांसाठी" ही वाक्येही गाळू नका. वेळापत्रकातील तास म्हटला की तो न खेळू इच्छिणाऱ्या मुलांसाठीही असतो, आणि हे आपल्याला मान्य आहे का, ते आधी स्वतःला विचारा. आपली मुलगी चांगली खेळत असेल आणि तिला तोडीचे जोडीदार हवे असतील, तर वर्गाच्या तासाला ते मिळणार नाहीत. पहिले दोन महिने ती घोड्याची चाल समजावून सांगण्यातच घालवेल. तिच्यासाठी मागणी वेगळी करावी लागेल: शाळा सुटल्यानंतर, निवडक मुलांचे बुद्धिबळ मंडळ. ते मिळणे सोपे आहे, कारण त्यासाठी वेळापत्रकाला हात लावावा लागत नाही. पण मग पत्राचा विषयही तोच लिहावा.

पत्र कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी आणि एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीतील पालक सदस्यांना द्यावी. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, पण अनुदानित शाळेत तिची भूमिका सल्ला देण्यापुरतीच आहे, म्हणून तेथे ठराव करून मुख्याध्यापकांवर दबाव आणण्याचा प्रयत्न करू नये. समितीत विषय निघाला आणि दोघा-तिघांनी अनुकूल मत दिले, एवढे पुरते. त्यानंतर मे महिन्याच्या अखेरीस, वेळापत्रक करणारे पर्यवेक्षक शाळेत बसू लागतात तेव्हा, त्यांना एकदा प्रत्यक्ष भेटा. त्या दिवसांत त्यांच्यासमोर पेन्सिलीने भरलेला मोठा तक्ता असतो आणि तोवर काही चौकटी कोऱ्या असतात.

दुसऱ्या सत्रातही तास चालू राहावा असे वाटत असेल, तर ती मागणी या पत्रात घालू नका. शासनाने 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी जाहीर केलेल्या "आनंददायी शनिवार" उपक्रमात शनिवारचा एखादा तास बुद्धिबळाला मिळू शकतो, पण त्या शनिवारवर इतर अनेक उपक्रमांचाही डोळा असतो. दिवाळीपूर्वीच्या आढाव्याच्या वेळी किती तास प्रत्यक्षात झाले आणि 24 पैकी किती संच पूर्ण राहिले, हे दोन आकडे हातात असतील, तेव्हा तो विषय काढा.